अंतर भागिले वेग, बाकी चाळीस मिनिटं

नागपूरहून मुंबई आकाशातून जेमतेम ६८० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८३० च्या घरात. मग तिकिटावर दीड-पावणेदोन तास कसले लावतात? मधली मिनिटं खातं कोण?

मोबाइलमधला कॅलक्युलेटर काढा. ६८० भागिले ८३०. उत्तराला ६० ने गुणा. ४९ मिनिटं! म्हणजे विमानात बसलात, सीटबेल्ट लावलात, शेजारच्या काकांनी सँडविच संपवलं की मुंबई आलीच पाहिजे. आता तेच तिकीट उघडा. निघण्याची आणि पोचण्याची वेळ यांच्यात साधारण ९५ मिनिटांचा फरक दिसेल, फ्लाइटनुसार पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे. जवळजवळ दुप्पट. एखाद्याला वाटेल, एअरलाइनवाले आपल्याला चक्क गंडवतायत.

यवतमाळच्या मंडळींना हा हिशोब जरा जास्तच लागू पडतो. शहराजवळ भारीला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान उडत नाही. त्यामुळे मुंबईत नोकरी आणि घर यवतमाळात असा ज्यांचा संसार आहे, त्यांच्यापुढे पर्याय दोन. एक, वर्ध्यावरून दीडशे किलोमीटर जाऊन नागपूरचं सोनेगाव विमानतळ गाठायचं. दुसरा, नव्वदएक किलोमीटरवरचं अमरावती. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, तीही सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. नागपूरला मोठं जेट मिळतं. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची, तिथे पंख्याचं एटीआर येतं.

आता एटीआरचाही भागाकार करून बघू. अमरावती ते मुंबई हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर, एटीआरचा वरचा वेग ताशी साधारण ५००. उत्तर आलं ६५ मिनिटं. सेवा सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात वेळ होती एक तास ४५ मिनिटं. बाकी उरली ४० मिनिटं. नागपूरच्या जेटची बाकी किती? ९५ वजा ४९, म्हणजे ४६. दिल्ली-मुंबई घ्या. अंतर ११४० च्या आसपास, भागाकार ८२ मिनिटं, तिकिटावर सव्वादोन तासांच्या आगेमागे. बाकी पुन्हा पन्नासच्या जवळपास.

लक्षात आलं का काही? विमान लहान असो की मोठं, अंतर ५४० असो की ११४०, बाकी फारशी हलत नाही. ती अंतराप्रमाणे वाढत नाही आणि वेगाने कमीही होत नाही. रिक्षाच्या मीटरसारखंच आहे हे. पहिल्या टप्प्याचे ठरलेले पैसे द्यावेच लागतात, तुम्ही कोपऱ्यावर उतरा नाहीतर स्टेशनवर. विमान प्रवासातला हा पहिला टप्पा साधारण ४० ते ५० मिनिटांचा आहे. तो नेमका कुठे खर्च होतो, तेच आता बघायचंय.

घड्याळ कधी सुरू होतं?

पहिली गंमत इथेच आहे. तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसतेच. ६ वाजून १० मिनिटांची फ्लाइट म्हणजे ६ वाजून १० मिनिटांनी विमान जागेवरून हलणार, इतकंच. आणि पोचण्याची वेळ म्हणजे चाकं धावपट्टीला टेकण्याची वेळ नाही, तर विमान पार्किंगला येऊन थांबण्याची. एअरलाइनच्या ऑफिसात या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना जी अडणी लावतात तिला ब्लॉक म्हणायची पद्धत, त्यावरून हे नाव. अडणी काढल्यापासून पुन्हा अडणी लावेपर्यंत, असा तो हिशोब.

प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदवल्या जातात. आउट, ऑफ, ऑन आणि इन. आउट म्हणजे जागेवरून निघालं, ऑफ म्हणजे चाकं उचलली, ऑन म्हणजे चाकं टेकली आणि इन म्हणजे जागेवर लागलं. आपण मनात जो भागाकार करतो तो ऑफ ते ऑनचा. तिकीट बोलतं आउट ते इनबद्दल. दोघांची भाषाच वेगळी.

आउट आणि ऑफच्या मध्ये काय चालतं? विमान टर्मिनलला नाक लावून उभं असेल तर त्याला आधी मागे ढकलावं लागतं, कारण स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर ते मागे जात नाही. ढकलायला एक ट्रॅक्टर येतो. त्याच दरम्यान इंजिनं एकापाठोपाठ एक सुरू होतात आणि पूर्ण ताकद लावण्याआधी त्यांना काही मिनिटं गरम होऊ द्यावं लागतं. अलीकडच्या इंधन वाचवणाऱ्या इंजिनांना तर सुरू व्हायलाच जुन्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. मग चेकलिस्ट, टॉवरची परवानगी आणि टॅक्सीवेवरून धावपट्टीच्या टोकापर्यंतची रमतगमत सैर. नागपूरला धावपट्टी एकच आणि गर्दी बेताची, म्हणून हे सगळं १२ मिनिटांत आटपतं असं धरू. मुंबईहून उडताना याच कामाला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात, कारण पुढे लाइन असते. उतरल्यावर मुंबईत पार्किंगपर्यंत जायला ९ मिनिटं धरू. म्हणजे जमिनीवरच २१ मिनिटं गेली आणि त्यात एक किलोमीटरही मुंबईच्या दिशेने सरकलेलं नाही.

८३० चा वेग टिकतो किती वेळ?

यवतमाळहून नागपूरला कारने जाणाऱ्याला विचारा. हायवेवर गाडी ऐंशी-नव्वदने पळते, म्हणून दीडशे किलोमीटर पावणेदोन तासांत होतात का? गावातून बाहेर पडणं, कळंब, वर्ध्याचा फाटा, बुटीबोरीचे ट्रक यात तीन तासांच्या घरात जाताच. ऐंशी हा गाडीचा वेग खरा, पण तो प्रवासाचा वेग नाही. विमानाचं ८३० तसंच आहे. तो सपाट उड्डाणाचा, म्हणजे क्रूझचा वेग. साधारण ३५ हजार फुटांवर, विरळ हवेत, विमान स्थिर झाल्यावरचा.

तिथपर्यंत पोचायचं तर चढावं लागतं. नागपूरच्या धावपट्टीवरून विमान ताशी २७० च्या आसपास वेगाने जमीन सोडतं. आणि तोंड कुठे असतं? धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. वारा बघून विमान आग्नेयेकडे उडालं, तर ते आधी चक्क चंद्रपूरच्या बाजूला निघतं. मुंबई आहे पश्चिम-नैऋत्येला. म्हणजे शंभर अंशांहून मोठं वळण घेतल्याशिवाय मुंबईकडे तोंडच होत नाही. वायव्येकडे उडालं तर वळण कमी, पण वळण आहेच.

पुढे नियमाची आडकाठी. १० हजार फुटांच्या खाली वेगमापकावर २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, ही मर्यादा असते. खालच्या आकाशात लहान विमानं, हेलिकॉप्टर, पक्षी, चढणारी-उतरणारी विमानं अशी सगळ्यांची वर्दळ, म्हणून. त्यानंतर विमान वेग वाढवत चढत राहतं. ताकद एकच आणि कामं दोन, उंची वाढवायची आणि वेगही वाढवायचा. त्यामुळे पूर्ण उंची गाठेपर्यंत वीसएक मिनिटं जातात आणि तोवर जमिनीवरचं अंतर कापलं जातं सुमारे २०० किलोमीटर. नागपूर-मुंबई सरळ रेषा काढली तर ती यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर टोकाजवळून जाते. तिथे विमान अजून चढतच असतं. चढ संपतो तो वाशीम-अकोल्याच्या पट्ट्यात.

आता उतरायचं बघा. पायलटांचा एक जुना आडाखा आहे, दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल ठेवायचे. ३५ हजार फुटांसाठी १०५ सागरी मैल झाले, म्हणजे १९५ किलोमीटर. शिवाय वेग मोडायला थोडी जागा हवी. थोडक्यात, मुंबई सव्वादोनशे किलोमीटर लांब असतानाच, शिर्डीच्याही अलीकडे, इंजिनांचा आवाज बसतो आणि विमान खाली निघतं. इंजिनं जवळजवळ आयडलवर, म्हणजे उतारावर गिअर न्यूट्रल केल्यासारखी. १० हजारांखाली पुन्हा ती २५० नॉटची मर्यादा. मग टप्प्याटप्प्याने फ्लॅप, चाकं बाहेर, आणि शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर ताशी २५०-२६० ने.

आता बेरीज करा. चढ २०० किलोमीटर, उतार २२० किलोमीटर. ६८० मधून उरले किती? २६०. ज्या वेगाने आपण संपूर्ण अंतर भागलं, तो वेग विमानाला खरोखर मिळतो फक्त २६० किलोमीटर, म्हणजे १९ मिनिटं. बस्स! एअर होस्टेस ट्रॉली घेऊन इतकी धावपळ का करते, ते आता कळलं असेल.

समजा, उद्या कोणी दहा टक्के जास्त वेगाचं विमान या रूटवर आणलं. तर या १९ मिनिटांतली जेमतेम पावणेदोन वाचतील. चढ-उतार, नियम, टॅक्सीवे, सगळं तसंच. जेट आणि एटीआर यांच्या वेगात तीनशेचा फरक असूनही दोघांची बाकी जवळपास सारखी का, त्याचं उत्तर हेच. एटीआर कमी उंचीवर जातं, त्यामुळे त्याचा चढ-उतार लहान, पण वेगही कमी. जमिनीवरची आणि मुंबईच्या आकाशातली मिनिटं मात्र दोघांनाही सारखीच चुकवावी लागतात.

वाऱ्याचं काय? तोही आहे, पण या रूटवर त्याचा वाटा लहान. हिवाळ्यात आपल्याकडे वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, त्यामुळे मुंबईला जाताना समोरून वारा आणि येताना पाठीवर. पावसाळ्यात वरच्या हवेतला वारा उलटा होतो, पूर्वेकडून येतो. फरक पडतो तो चार-पाच मिनिटांचा. मुंबई-लंडनसारख्या लांबच्या प्रवासात हाच वारा तासाभराची उलथापालथ करतो, कारण तिथे तो आठ-नऊ तास छातीवर किंवा पाठीवर असतो.

मुंबईचं आकाश, म्हणजे दादरचा प्लॅटफॉर्म

आता येते खरी गोम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. फुलीसारख्या. एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून उडवता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरात. त्या एकाच धावपट्टीच्या जिवावर ११ नोव्हेंबर २०२३ ला इथे २४ तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. सरासरी काढली तर दर ८४ सेकंदांना एक.

हे असं दाटीवाटीने चालवायलाही मर्यादा आहे. प्रत्येक विमान आपल्यामागे हवेचे भोवरे सोडतं, आणि मोठं विमान मोठे भोवरे. आपलं मध्यम आकाराचं विमान एखाद्या जंबोच्या मागे असेल तर मध्ये पाच सागरी मैल सोडावे लागतात, म्हणजे उतरतानाच्या वेगाने दोन मिनिटांहून जास्त. एखादं विमान धावपट्टीवरून बाहेर वळायला दहा सेकंद जास्त घेतं आणि मागच्याला उतरणं रद्द करून पुन्हा वर जावं लागतं. मग ते रांगेत परत घुसतं आणि त्याच्यामागचे सगळे सरकतात.

रांग वाढली की कंट्रोलर काय करतात? आधी लांबूनच वेग कमी करायला सांगतात. मग नाकासमोरचा रस्ता सोडून डावीकडे-उजवीकडे वळणं देतात, म्हणजे तेवढंच अंतर वाढतं आणि पुढे फट तयार होते. तेही पुरलं नाही तर होल्डिंग.

होल्डिंग म्हणजे विमान एका जागी थांबत नाही, ते थांबूच शकत नाही. ते एका ठरलेल्या बिंदूभोवती धावण्याच्या ट्रॅकसारख्या लांबट गोलात फिरतं. एक मिनिट सरळ, एक मिनिटात अर्धं वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा एक मिनिटात अर्धं वळण. झाली चार मिनिटं. १४ हजार फुटांच्या वर सरळ बाजू दीड-दीड मिनिटांची, म्हणजे फेरी पाच मिनिटांची. एकाच बिंदूवर अनेक विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक डब्यासारखी रचलेली असतात. सगळ्यात खालचं सुटलं की बाकीचे एकेक मजला खाली येतात. म्हणून हा उशीर मिनिटामिनिटाने वाढत नाही, फेरीफेरीने वाढतो.

खिडकीत बसून हे ओळखता येतं. पंख दर मिनिटाला एकाच बाजूला कलायला लागला, ऊन डाव्या खिडकीतून उजव्या खिडकीत जाऊन परत आलं, तीच नदी किंवा तेच धरण दुसऱ्यांदा दिसलं, की समजा तुम्ही फेरीत आहात. घड्याळ लावा. पुढची सूट मिळाली तर चार-पाच मिनिटांत, नाहीतर आणखी तेवढीच.

याचा खर्च किती? फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच आकडे दिले होते. गर्दीमुळे विमानं मुंबईवर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. विमान तासाला सरासरी २ हजार किलो इंधन खातं असं धरलं, तर ४० मिनिटांच्या घिरट्यांना सुमारे १.८ लाख रुपये आणि तासाभराला २.६ लाख रुपये. त्यावर उपाय म्हणून गर्दीच्या तासांतली विमानांची संख्या ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणायला सांगण्यात आलं. तासाला फक्त दोन कमी! पण रांगेचा स्वभावच असा आहे की क्षमता काठोकाठ भरलेली असेल तर एक विमान चुकलं तरी शेपूट वाढत जातं. दोन जागा रिकाम्या ठेवल्या की ते शेपूट जिरवायला वाव मिळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, पण दोन्ही विमानतळांना खेटून असलेलं आकाश मात्र वाटूनच घ्यावं लागणार.

आकाशात फिरवण्यापेक्षा जमिनीवर थांबवणं स्वस्त, म्हणून एअरपोर्ट्स अथॉरिटीचं दिल्लीतलं एक केंद्र देशभरातल्या गर्दीचा अंदाज घेऊन एकेका विमानाला उडण्याची वेळ नेमून देतं. नागपूरला स्वच्छ ऊन पडलेलं असतं, सगळे बसलेले असतात, आणि कॅप्टन सांगतो की मुंबईच्या ट्रॅफिकमुळे वीस मिनिटं थांबावं लागेल. ते वीस मिनिटांचं होल्डिंगच असतं. फक्त इंजिनं बंद ठेवून, सोनेगावात.

वेळापत्रकातली उशी

हे सगळं एअरलाइनला माहीत असतं. तिच्याकडे त्याच रूटच्या, त्याच वेळेच्या शेकडो उड्डाणांच्या आउट-ऑफ-ऑन-इन नोंदी असतात. कधी ८२ मिनिटं लागली, कधी ८८, कधी ११५. तिकिटावर कुठला आकडा छापायचा? सगळ्यात चांगल्या दिवसाचा छापला तर रोजच उशीर. सगळ्यात वाईट दिवसाचा छापला तर विमान रोज लवकर येऊन उगाच उभं राहणार, आणि उभं विमान पैसे कमवत नाही. म्हणून मधला, थोडा सुरक्षित बाजूचा आकडा निवडतात. बहुतेक दिवशी पुरेल इतका. ही झाली उशी.

ती सात-आठ मिनिटांची असू शकते, कधी जास्त. तिच्यामागे दोन कारणं आहेत. एक, वक्तशीरपणाची मोजणी. ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असलेलं विमान वेळेवर धरलं जातं आणि एअरलाइन्सचे आकडे डीजीसीए दर महिन्याला जाहीर करतं. उशी जाड असली की आकडे चांगले दिसतात, हे खरंच आहे. पण दुसरं कारण जास्त वजनदार आहे. तुमचं विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळच्या फेरीत २० मिनिटं गेली आणि पुढे कुठेच उशी नसेल, तर तो उशीर रात्रीपर्यंत प्रत्येक गावाला पोचतो. पायलटांच्या ड्युटीचे तास संपले तर शेवटची फेरी रद्दच.

म्हणूनच कधीकधी विमान वीस मिनिटं लवकर पोचतं आणि सगळे खूश होतात. त्या दिवशी वाऱ्याने साथ दिलेली असते, रांग नसते आणि उशी न वापरता उरलेली असते. मग पार्किंगची जागा रिकामी नसल्याने टॅक्सीवेवर थांबावं लागतं. वीसातली दहा तिथेच परत जातात.

चौकट : नागपूर-मुंबई, एका साध्या दिवसाचा हिशोब

ढकलणं, इंजिन, टॅक्सी, नागपूर : १२ मिनिटं
उड्डाण, वळण, चढ (२०० किमी) : २१ मिनिटं
क्रूझ (२६० किमी) : १९ मिनिटं
उतार आणि लँडिंग (२२० किमी) : २७ मिनिटं
पार्किंगपर्यंत टॅक्सी, मुंबई : ९ मिनिटं
उशी : ७ मिनिटं
एकूण : ९५ मिनिटं

हे आकडे ढोबळ आहेत, दिवसागणिक बदलतात. पण ४६ मिनिटांच्या बाकीचा छडा त्यातून लागतो. जमिनीवर २१, चढ-उताराच्या संथपणात १८ आणि उशी ७. होल्डिंगची एक फेरी या उशीत मावते. दुसरी फेरी लागली की उशीर सुरू.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे अर्थ नीट लावायचा. सुटण्याची वेळ ही विमान हलण्याची वेळ. बोर्डिंग गेट त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बंद होतं. पोचण्याची वेळ ही पार्किंगची. त्यापुढे दार उघडणं, उतरणं, बॅग येणं हे सगळं तुमच्या खात्यात. मुंबईत ११ चा इंटरव्ह्यू असेल आणि विमान ९ ला पोचणार असेल, तर तुमच्या हातात दोन तास नाहीत. बॅग चेक-इन केली असेल तर दीडच्या आसपास, आणि त्यात अंधेरीचा ट्रॅफिक.

दुसरं, उशीर दिवसभर साचत जातो. पहाटेचं विमान रात्रभर तिथेच उभं असतं, त्याच्यामागे आधीच्या फेरीचं ओझं नसतं. संध्याकाळच्या विमानाच्या पाठीवर सकाळपासूनची सगळी गावं असतात. महत्त्वाचं काम असेल तर झोप मोडा. संध्याकाळचंच घ्यावं लागलं तर आपलं विमान आत्ता कुठे आहे ते मोबाइलवरच्या फ्लाइट ट्रॅकरवर बघा. ते अजून बेंगळुरूच्या टॅक्सीवेवर असेल, तर बोर्डवर काहीही लिहिलेलं असो, तुम्ही वेळेवर निघत नाही.

तिसरं, मुंबईहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान धरायचं असेल तर भागाकार विसरा आणि छापील वेळेत होल्डिंगच्या दोन-तीन फेऱ्या मिळवून बघा. त्यातही जमत असेल तर ठीक. पावसाळ्यात तेवढ्यावरही जाऊ नका, कारण ढगांना वळसा घालताना आणि उतरणं रद्द झाल्यावर रांग किती वाढेल याला धरबंध नसतो. विमानात पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं आणि त्यावर अर्धा तास तग धरण्याचं इंधन राखीव ठेवावंच लागतं. फेऱ्या मारता मारता साठा त्या रेषेपर्यंत आला की कॅप्टन वाट बघत नाही, सरळ दुसऱ्या गावाला वळतो.

आणि परतीचं? मुंबईहून येताना टॅक्सीवेवरची लाइन लांब, पण नागपूरला रांग नाही, होल्डिंग क्वचितच. त्यामुळे मुंबईतून एकदा चाकं उचलली की पुढचा अंदाज बऱ्यापैकी पक्का असतो. चाकं उचलल्यापासून सव्वातास धरा. यवतमाळची शेवटची गाडी पकडायची असेल, तर घरी फोन करायची खरी वेळ तीच. म्हणजे विमानात बसल्यावरची नाही, तर मुंबईतून उडालेलं ट्रॅकरवर पाहून घरच्यांनीच हिशोब मांडायचा. त्यात नागपूरला जागेवर लागायची दहा मिनिटं आणि बॅगची पंधरा-वीस मिनिटं मिळवायला विसरू नका.